कर्ज फिटलं, चार्ज राहिला

मी कंपनी सेक्रेटरी आहे. छोट्या आणि मध्यम कारखान्यांच्या कंपन्यांची आरओसीची कामं करते. या कामात एक वाक्य मला वर्षातून बरेचदा ऐकायला मिळतं: “मॅडम, पै न् पै फेडली, मग आमच्या नावावर अजून बँक कशी दिसते?” खाली जे मांडलं आहे ते या प्रश्नाचं उत्तर देता देता आणि त्याच्या उलट्या प्रश्नाशी झुंजताना जमलेलं आहे. उलटा प्रश्न म्हणजे, कर्ज घेतलं पण चार्ज वेळेत नोंदवलाच नाही.

१. चार्ज आपोआप उतरत नाही.

कंपनी कर्ज घेते तेव्हा बँक तारण घेते. यंत्रांवर हायपोथिकेशन असेल, जागेवर गहाण असेल. कंपनी कायदा, 2013 मध्ये या दोन्हींना चार्ज म्हणतात आणि तो रजिस्ट्रारकडे CHG-1 या फॉर्मने नोंदवला जातो. डिबेंचरसाठी फॉर्म वेगळा, CHG-9. नोंदणी झाली की CHG-2 हे प्रमाणपत्र मिळतं आणि चार्जला स्वतःचा एक आयडी मिळतो. तो आयडी एमसीएच्या संकेतस्थळावर कंपनीच्या चार्जच्या यादीत जगाला दिसतो.

हप्ते संपले म्हणून ती ओळ कुणी पुसत नाही. कलम 82 प्रमाणे कर्ज पूर्ण फिटल्यापासून 30 दिवसांत CHG-4 भरून रजिस्ट्रारला कळवणं ही कंपनीची जबाबदारी आहे. बँक कळवेल असं बहुतेक मालक धरून चालतात. तो समज एका अर्थी समजण्यासारखा आहे, कारण रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2023 मध्ये आदेश काढला की कर्ज फिटल्यावर 30 दिवसांत कागद परत द्या, चार्ज काढा, नाहीतर दिवसाला 5000 रुपये भरपाई द्या. पण तो आदेश वैयक्तिक कर्जांसाठी आहे. मालकाच्या घरकर्जाला तो लागू पडतो, कंपनीच्या टर्म लोनला नाही. मालकाने तेच घरकर्ज नुकतंच फेडलेलं असतं, सगळे कागद सुखरूप परत आलेले असतात, म्हणून कंपनीचंही तसंच होईल असं त्याला वाटतं.

२. तीनशे दिवसांपर्यंत प्रश्न पैशांचा असतो, त्यानंतर परवानगीचा.

तीस दिवस उलटले तरी 300 दिवसांपर्यंत रजिस्ट्रार जादा शुल्क घेऊन CHG-4 स्वीकारू शकतो. ही सोय 5 जुलै 2018 पासून आली. त्याआधी तिसाव्या दिवसानंतर थेट वरच्या दारात जावं लागायचं. जादा शुल्क उशिरागणिक वाढत जातं आणि नेहमीच्या शुल्काच्या बारा पटींपर्यंत पोचतं. नेहमीचं शुल्क मात्र भांडवलानुसार 200 ते 600 रुपयांच्या दरम्यान असतं, त्यामुळे बारा पट म्हटलं तरी कुणाचं दिवाळं निघत नाही.

खरी अडचण 300 दिवसांनंतर सुरू होते. तिथे रजिस्ट्रारचे हात बांधलेले असतात. कलम 87 खाली केंद्र सरकारकडे विलंब माफीचा अर्ज करावा लागतो आणि हे अधिकार रिजनल डायरेक्टरला दिलेले आहेत. आमच्या भाषेत, “केस आरडीकडे गेली.”

३. आरडीकडच्या अर्जात रडगाणं नको, हिशेब हवा.

या एका मुद्द्यावर थोडं थांबते, कारण लोक इथेच सर्वांत जास्त घाबरतात.

कोल्हापूरजवळच्या एका फाउंड्रीचं उदाहरण घेऊ. 1 कोटी 80 लाखांचं टर्म लोन होतं, भट्टी आणि मोल्डिंगच्या यंत्रांवर चार्ज. शेवटचा हप्ता 15 जून 2021 ला गेला, बँकेने नो ड्यूज पत्र दिलं आणि ते अकाउंटंटने फाइलला लावलं. CHG-4 ची साधी मुदत 15 जुलै 2021 ला संपली आणि रजिस्ट्रारची 300 दिवसांची मुदत 11 एप्रिल 2022 ला. कुणालाच ते कळलं नाही, कारण त्या काळात कंपनीला नवं कर्ज नकोच होतं. 2024 मध्ये दुसऱ्या बँकेकडे कॅश क्रेडिट मर्यादेसाठी गेले, त्या बँकेच्या सर्च रिपोर्टमध्ये जुना चार्ज उघडा दिसला आणि मंजूर झालेली मर्यादा तिथेच थांबली. नव्या बँकेला यंत्रांवर पहिला हक्क हवा होता आणि सरकारी नोंदीत तो अजून जुन्या बँकेचा होता.

मधल्या काळात जुनी बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली होती. हे आता इतकं नेहमीचं आहे की मी पहिला प्रश्न तोच विचारते. देना आणि विजया बँक एप्रिल 2019 ला बँक ऑफ बडोदात गेल्या, सिंडिकेट, ओरिएंटल, युनायटेड, आंध्र, कॉर्पोरेशन, अलाहाबाद या बँका एप्रिल 2020 ला इतरांत मिसळल्या. जुन्या चार्जवर मात्र जुन्याच बँकेचं नाव दिसत राहतं. फाउंड्रीचं खातं असलेली शाखा तर बंद होऊन शेजारच्या शाखेत गेली होती आणि तिथल्या अधिकाऱ्याचं पहिलं उत्तर होतं, “हे खातं आमच्या सिस्टिमवर दिसत नाही.”

अशा वेळी वाद घालून काही हाती लागत नाही. जुन्या खात्याचा क्रमांक, शेवटच्या वर्षाचा उतारा, 2021 चं नो ड्यूज पत्र आणि CHG-2 ची प्रत एकत्र जोडून झोनल ऑफिसला लेखी मागणी पाठवली. बंद खात्याच्या नोंदी तिथून निघाल्या. विलीनीकरणानंतरच्या बँकेच्या लेटरहेडवर पत्र आलं, त्यात जुन्या बँकेचं नाव, विलीनीकरणाचा उल्लेख, चार्ज आयडी आणि खातं पूर्ण फिटल्याची तारीख होती. ही चार गोष्टींची मागणी मी आता लिहूनच देते. नुसतं “सदर ग्राहकाकडे काही येणे नाही” एवढंच पत्र आलं तर ते कुठल्या चार्जचं, कुठल्या दिवसापासून, हे विचारायला पुन्हा जावं लागतं.

मग CHG-8 हा अर्ज. सोबत संचालक मंडळाचा ठराव, संचालकाचं प्रतिज्ञापत्र, तारणाचा मूळ करार, बँकेचं पत्र आणि खात्याचा शून्य बाकी दाखवणारा उतारा. कलम 87 विलंब माफ करायला दोन वाटा देतं. उशीर अपघाताने, अनवधानाने किंवा पुरेशा कारणाने झाला, ही एक वाट. किंवा त्या उशिराने धनकोंचं वा भागधारकांचं नुकसान होत नाही, ही दुसरी. पुष्कळ अर्जांत पहिल्या वाटेवर पानंच्या पानं लिहिलेली असतात. अकाउंटंट सोडून गेला, साथ होती, आजारपण होतं, असं एकामागून एक. मी कारण खरं असेल तेवढंच दोन-चार ओळींत सांगते आणि वजन दुसऱ्या वाटेवर टाकते. कर्ज 2021 लाच फिटलं आहे, तेव्हा चार्जची नोंद निघाली तर उलट इतर धनकोंना त्या यंत्रांवरचा हक्क मोकळाच होतो, कुणाचं काही जात नाही. हे उताऱ्यानिशी दाखवता आलं की अर्जाचा पाया पक्का होतो.

आदेश आला म्हणजे काम संपलं असं मात्र नाही. आरडीचा आदेश INC-28 ने रजिस्ट्रारकडे दाखल करायचा असतो, आदेशात काही रक्कम वा अट घातली असेल तर ती पूर्ण करून. त्या INC-28 चा एसआरएन हाताशी घेऊन मग CHG-4. बरेच जण आदेशाची प्रत बँकेला दाखवून मोकळे होतात आणि पुढचे दोन फॉर्म राहूनच जातात. तोवर चार्ज संकेतस्थळावर तसाच उघडा असतो. फाउंड्रीच्या बाबतीत CHG-5 हे सॅटिस्फॅक्शनचं प्रमाणपत्र हाती आलं तेव्हाच नव्या बँकेने मर्यादा सोडली. आदेशाची प्रत तिने आधीच पाहिली होती, पण तेवढ्यावर ती हलली नाही, आणि त्यात तिचं चुकलं असं मला वाटत नाही.

४. एक कर्ज फिटलं म्हणजे चार्ज फिटला असं नाही.

CHG-4 फक्त पूर्ण फेडीसाठी आहे. एकाच चार्जखाली टर्म लोन आणि कॅश क्रेडिट दोन्ही घेतलेलं असेल आणि त्यातलं टर्म लोन तेवढं संपलं असेल, तर चार्ज सॅटिस्फाय होत नाही, त्यात बदल होतो. तो CHG-1 नेच, मॉडिफिकेशन म्हणून नोंदवायचा. एखादी मिळकत तारणातून सोडवली आणि बाकी तारण राहिलं, तरी तसंच. CHG-4 भरण्याआधी मी मूळ करार आणि त्यानंतरची सगळी मॉडिफिकेशन प्रमाणपत्रं समोर ठेवते आणि प्रत्येक मर्यादेपुढे शून्य आहे का ते पाहते. बँकेच्या पत्रात “टर्म लोन खाते क्रमांक अमुक बंद” एवढंच असेल तर ते या कामाला पुरत नाही. चालू मर्यादेचा चार्ज चुकून सॅटिस्फाय झाला तर बँक ज्या सुरात फोन करते तो ऐकण्यासारखा नसतो. आणि असली चूक दुरुस्त करायला परत कलम 87 च.

५. बँक सही करत नसेल तरी रस्ता आहे.

CHG-4 वर चार्जधारकाचीही डिजिटल सही असेल तर काम सरळ होतं, कारण मग रजिस्ट्रारला बँकेला नोटीस काढायची गरज उरत नाही. सही नसेल तर कायद्याप्रमाणे रजिस्ट्रार बँकेला 14 दिवसांच्या आतली मुदत देऊन विचारतो की हरकत आहे का. हरकत आली नाही तर नोंद होते.

प्रत्यक्षात सहीची अडचण बहुतेक वेळा हेतूची नसते, माणसांची असते. ज्या अधिकाऱ्याच्या नावाने डीएससी घेतलेली, त्याची बदली झालेली असते. म्हणून शेवटचा हप्ता भरायच्या आधीच्या महिन्यातच बँकेला पत्र द्यावं, की अमुक तारखेला खातं बंद होतंय, CHG-4 वर सही करणारा अधिकारी कोण ते कळवा. कंपनी गिऱ्हाईक असते तोवर शाखा फोन उचलते.

कंपनीने काहीच कळवलं नाही तरी कलम 83 प्रमाणे पुराव्याने खात्री पटल्यास रजिस्ट्रार स्वतःहून नोंद करू शकतो. चार्जधारकच अस्तित्वात नसेल तिथे हे कलम आठवावं.

६. नोंदणीच्या उशिराला तशी माफी नाही.

आता उलटी बाजू. “फेडल्याचा उशीर आरडी माफ करतो, तर घेतल्याचा उशीरही करेलच की,” असं मला एका जाणत्या सीएंनी सुनावलं होतं. 2 नोव्हेंबर 2018 पूर्वी ते बरोबर होतं. त्या दिवसापासून कायदा बदलला. तेव्हापासून निर्माण झालेल्या चार्जसाठी 30 दिवस साध्या शुल्काने, पुढे साठाव्या दिवसापर्यंत जादा शुल्काने, आणि त्यापुढे आणखी 60 दिवस कर्जाच्या रकमेवर टक्केवारीने शुल्क भरून. एकूण 120 दिवस. कलम 87 मधून नोंदणीची मुदत वाढवण्याचा अधिकार काढून टाकला आहे. 121 व्या दिवशी जाण्यासाठी दारच उरत नाही.

पहिल्यांदा हा बदल मलाही जाचक वाटला होता. नंतर पटलं. फेडल्याची नोंद उशिरा झाली तर इतर धनकोंचा फायदाच होतो. घेतल्याची नोंद उशिरा झाली तर मधल्या काळात यंत्रं मोकळी आहेत असं समजून ज्याने उधार माल दिला त्याचं नुकसान होतं. एकाच कायद्यात एका उशिराला सैल दोर आणि दुसऱ्याला आखूड, हे म्हणून योग्यच आहे.

चाकणच्या एका कंपनीने वित्त कंपनीकडून 4 कोटींचं यंत्र-कर्ज घेतलं. हायपोथिकेशनचा करार 10 जानेवारी 2025 ला सह्या होऊन तयार झाला, पैसे 20 फेब्रुवारीला आले, आणि कागद आमच्याकडे 25 मार्चला. अकाउंट्स विभाग दिवस मोजत होता पैसे आल्यापासून. पण चार्ज निर्माण झाल्याची तारीख ही कराराची तारीख असते. जमिनीचे मूळ दस्त ठेवून केलेलं गहाण असेल तर दस्त ठेवल्याची. पैसे कधी आले याच्याशी त्याचा संबंध नाही. करारापासून मोजलं तर 30 दिवस 9 फेब्रुवारीला संपले होते, 60 दिवस 11 मार्चला, आणि शेवटची तारीख 10 मे होती. म्हणजे कागद आले तेव्हाच टक्केवारीचा टप्पा लागला होता.

शुल्काचा हिशेब असा. कंपनी लहान कंपनीच्या व्याख्येत बसत नव्हती. भांडवलानुसार नेहमीचं शुल्क 600 रुपये, त्यावर सहा पट म्हणजे 3600, आणि कर्जाच्या 0.05 टक्के म्हणजे 20,000. एकूण 24,200 रुपये. कंपनी लहान असती तर सहाऐवजी तीन पट आणि टक्केवारी निम्मी, 0.025. टक्केवारीच्या भागाला कमाल मर्यादा आहे, लहान कंपनीला एक लाख आणि इतरांना पाच लाख.

रक्कम भरणं सोपं होतं. त्याहून जपून करायची गोष्ट म्हणजे CHG-10, उशिराचा अर्ज, आणि त्यासोबतची घोषणा. त्यात सचिव किंवा संचालक सांगतो की या उशिरामुळे मधल्या काळातल्या कुठल्याही धनकोच्या हक्काला बाधा येत नाही. ते लिहिण्यापूर्वी चार्जची यादी उघडून पाहायची, की जानेवारी ते मार्चमध्ये दुसऱ्या कुणाचा चार्ज त्याच यंत्रांवर बसला आहे का. चाकणच्या कंपनीत बसला नव्हता. बसला असता तर उशिरा झालेल्या नोंदणीने त्या मधल्याचा हक्क हलत नाही, हे कलम 77 मध्येच आहे, आणि मग घोषणेतलं वाक्य खोटं ठरलं असतं. जाणूनबुजून खोटी माहिती दिली तर कलम 447, म्हणजे फसवणुकीचं कलम, लागतं.

७. 120 दिवस उलटले तर कर्ज बुडत नाही, तारण डळमळतं.

नोंदणी न झालेला चार्ज लिक्विडेटर आणि इतर धनको विचारात घेत नाहीत. कर्ज मात्र देणंच राहतं. म्हणजे धनको असतो, पण विनातारण धनकोच्या रांगेत. गाडीच्या कर्जाबद्दल लोकांना वाटतं की आरसी बुकवर फायनान्सरचं नाव आहे, तेवढं पुरे. फोक्सवॅगन फायनान्स विरुद्ध श्री बालाजी प्रिंटोपॅक या प्रकरणात 2020 मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने हा समज मोडला. आरटीओची नोंद कंपनीच्या चार्ज नोंदणीची जागा घेत नाही, असं तिथे ठरलं.

मुदत गेल्यावर अनेक धनको नवा करार करून नवा चार्ज नोंदवतात. तसं करता येतं, पण त्या चार्जचं वय नव्या तारखेपासून मोजलं जातं. शिवाय कंपनी त्यानंतर वर्षभरात दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, तर जुन्या कर्जाला नवं तारण दिलं म्हणजे एका धनकोला झुकतं माप दिलं, असा आक्षेप येऊ शकतो. धनको नातेसंबंधातला असेल, म्हणजे संचालकाचा भाऊ किंवा त्याचीच दुसरी कंपनी, तर हा काळ दोन वर्षं. छोट्या कंपन्यांत तारणासह कर्ज देणारा बरेचदा हाच घरचा धनको असतो आणि चार्ज नोंदवायचं त्यालाच सुचत नाही. बँक मात्र विसरत नाही. कंपनीने 30 दिवसांत नोंदवला नाही तर कलम 78 प्रमाणे ती स्वतः नोंदवू शकते आणि शुल्क कंपनीकडून वसूल करू शकते.

८. CHG-5 मिळाल्यावरही तीन ठिकाणं तपासायची.

रजिस्ट्रारकडचा चार्ज उतरला म्हणजे इतर नोंदी उतरल्या असं नाही, त्या एकमेकींशी बोलत नाहीत. स्थावर मिळकतीचं तारण असेल तर सरसाईमधली नोंद बँकेने काढायची असते. जमीन सातबाऱ्यावर असेल तर इतर हक्कातला बोजा तलाठ्याकडे अर्ज देऊन कमी करून घ्यायचा. वाहन असेल तर आरटीओला फॉर्म 35. याशिवाय कंपनीच्या स्वतःच्या चार्ज नोंदवहीत, म्हणजे CHG-7 मध्ये, नोंद करायची, आणि तारणाचे कागद चार्ज फिटल्यापासून आठ वर्षं सांभाळायचे.

बंद पडलेली कंपनी रजिस्टरमधून काढून टाकायची असेल तर ही तपासणी आधीच करावी. चार्ज उघडा असलेल्या कंपनीला तो अर्ज करताच येत नाही. दहा-पंधरा वर्षांपूर्वीचं कर्ज, बँक विलीन, शाखा बंद, संचालक साठी-सत्तरीत, अशा फायली माझ्याकडे बहुतेक याच कारणाने येतात. मग प्रवास पुन्हा झोनल ऑफिसच्या पत्रापासून सुरू होतो.